अठ्ठावीस जणांचा कॉयर आणि बाखचे चार कागद

प्रश्न: आमच्या पुण्यातल्या हौशी कॉयरमध्ये २८ जण आहेत. यंदा बाखचा २१ नंबरचा कॅन्टाटा, म्हणजे चर्चसाठी लिहिलेली गायक-वादकांची रचना, बसवायचा विचार आहे. आमच्यातलाच एक जण म्हणतो, बाखच्या वेळी प्रत्येक भागाला एकच गायक असायचा, त्यामुळे २८ जणांनी गाणं 'ऑथेंटिक' नाही. बाकीचे म्हणतात, हे सगळं फॅड आहे. खरं काय, आणि आम्ही करायचं काय?

उत्तर: तुमच्या मित्राकडे पुरावा आहे आणि तो चांगला पुरावा आहे. फक्त त्यातून तो काढतोय तो निष्कर्ष त्या पुराव्यात नाही. १७२३ साली लाइपत्सिगमध्ये, जिथे बाख चर्चच्या संगीताचा प्रमुख होता, काय घडत होतं, ही एक गोष्ट. आज पुण्यात २८ जणांनी काय करावं, ही दुसरी. पहिलीचं उत्तर बरंचसं कागदपत्रांतून मिळतं. दुसरीचं मात्र तुमच्याकडे कोण गातंय, हॉल कसा आहे, वादक किती मिळतायत यावर अवलंबून आहे आणि ते तुम्हालाच ठरवावं लागणार. मी बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये जुन्या वाद्यांच्या चमूंबरोबर ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड वाजवते. या वादाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांबरोबर मी वाजवलंय, तेव्हा जे सांगते ते वाजवणारीच्या जागेवरून.

आधी पुरावा. १९८१ साली बॉस्टनमधल्या संगीतशास्त्रज्ञांच्या परिषदेत जोशुआ रिफ्किन या अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ आणि संचालकाने मांडलं की बाखचा 'कोरस' म्हणजे बहुतेक वेळा चारच गायक. पुढच्याच वर्षी त्याने 'बी मायनर मास' त्याच पद्धतीने रेकॉर्ड केला आणि एकच गदारोळ उडाला. त्याचा आधार अगदी साधा होता. कॅन्टाटा सादर करताना गायक-वादकांसमोर जे हाताने उतरवलेले कागद ठेवत, म्हणजे ज्यांना आपण 'पार्ट' म्हणतो, ते शेकड्यांनी टिकून आहेत. त्यांत सहसा सोप्रानोचा एक, आल्टोचा एक, टेनरचा एक आणि बासचा एक पार्ट असतो. त्या एकाच कागदावर त्या आवाजाचं सगळं असतं: कोरस, मग एकट्याचं बोलल्यासारखं रेसिटेटिव्ह, मग एकट्याचं गीत म्हणजे आरिया, मग शेवटचं कोराल, म्हणजे चर्चमधलं स्तोत्र. आरिया सुरू होताना 'इथे बाकीच्यांनी थांबा' अशी खूण सहसा नसते.

विरोधकांचं म्हणणं असं की एका कागदावर तिघं वाचत असतील. मधला मुख्य गायक, शेजारी दोन मदतीचे. टॉन कोपमनसारखा, आयुष्य बाखमध्ये घालवलेला डच ऑर्गनवादक आणि संचालक हेच म्हणतो, त्यामुळे हे उडवून लावता येत नाही. पण मग एक अडचण येते. काही थोड्या कृतींसाठी बाखने जादा गायकांचे वेगळे पार्ट उतरवून घेतलेले आहेत. 'सेंट जॉन पॅशन'चा असा संच आहे. त्यात फक्त कोरस आणि कोराल आहेत, एकट्याच्या जागी 'गप्प राहा' असं लिहिलंय. जादा गायक शेजारून डोकावून वाचत असते, तर हे वेगळे कागद उतरवण्याची मेहनत कशाला? बाकीच्या कृतींचे असे कागद हरवले असतील, असंही म्हणता येतं. पण व्हायोलिनचे दुसरे पार्ट जागोजाग सापडतात आणि गायकांचेच तेवढे सापडत नाहीत, हे जरा जास्तच सोयीचं हरवणं झालं.

विरोधकांच्या हातातला सगळ्यात मोठा कागद म्हणजे २३ ऑगस्ट १७३०चा बाखचा अर्ज. लाइपत्सिगच्या नगरपरिषदेकडे त्याने केलेली ती लेखी तक्रार आहे. बाख शिकवत होता त्या शाळेतली मुलं चार चर्चमध्ये वाटायची, म्हणून प्रत्येक कॉयरमध्ये किमान बारा जण हवेत, प्रत्येक आवाजाचे तीन. चार-चार करून सोळा मिळाले तर आणखी बरं, असं तो लिहितो. बरीच वर्षं हे वाक्य 'बाखला सोळा जणांचा कोरस हवा होता' असं वाचलं गेलं. पण त्याच वाक्यात तो कारणही देतो. कुणी आजारी पडलं, आणि या दिवसांत तर पडतातच, शाळेच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बघा, तरी निदान दुहेरी कॉयरचं मोटेट गाता यावं. दुहेरी कॉयरचं मोटेट म्हणजे आठ भाग. म्हणजे बाराचे आठ उरले तरी काम भागतं, एका भागाला एक माणूस धरून. रिफ्किन म्हणतो, ही बारा-सोळाची संख्या म्हणजे हजेरीपट आहे, ज्यातून त्या रविवारचे गायक निवडायचे. शिवाय पुढे बाखच सांगतो की वादक कमी पडतात म्हणून व्हिओला, चेलो आणि व्हायोलोन वाजवायला याच मुलांना बसवावं लागतं. अर्जाच्या शेवटी तर त्याने मुलांची प्रतवारीच लावली आहे: १७ कामाचे, २० अजून तयार न झालेले, १७ निरुपयोगी. या हिशेबातून दर रविवारी बारा चांगले गळे एकत्र उभे करायचे, म्हणजे बाकीच्या चर्चमध्ये कुणी उरतच नाही.

माझा कौल रिफ्किनच्या बाजूने आहे. शंभर टक्के नव्हे. मोठ्या सणाला गॅलरीत आणखी चार जण उभे केले नसतील असं मी म्हणणार नाही. पण नेहमीच्या रविवारी चार, फार तर आठ. आणि अर्जातली एक गोष्ट मला गायकांच्या संख्येपेक्षाही महत्त्वाची वाटते: बाख वादक मागतो ते अठरा ते वीस. म्हणजे आपल्या डोक्यात पुढे छोटा वाद्यवृंद आणि मागे भिंतीसारखा उभा कोरस असं जे चित्र आहे, ते नेमकं उलटं होतं. ते चित्र आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातून आलं. १८२९ साली बर्लिनमध्ये मेंडेल्सोनने 'सेंट मॅथ्यू पॅशन' पुन्हा उभं केलं तेव्हा गायक दीडशेच्या घरात होते, आणि ते गायक तुमच्यासारखेच हौशी होते.

आता 'ऑथेंटिक'बद्दल. चार गायक घेतले की ऑथेंटिक झालं, असं समजणाऱ्याने लाइपत्सिगचा सोप्रानो कोण होता ते बघावं. चर्चमध्ये बायका गात नसत. सोप्रानो गायची ती शाळेतली मुलं, आणि त्या काळी आवाज फुटायचा तो सोळाव्या-सतराव्या वर्षापर्यंत. म्हणजे सात-आठ वर्षं रोज रियाज केलेला, समज आलेला, पण अजून न फुटलेला आवाज. असा गायक आज नाही. आता मुलांचा आवाज तेराच्या आसपासच जातो. जुन्या वाद्यांवर वाजवण्याच्या चळवळीतले अग्रणी आर्नोनकूर आणि लेओनहार्ट यांनी १९७१ ते १९८९ या काळात बाखचे चर्चचे कॅन्टाटा रेकॉर्ड केले, तेव्हा सोप्रानोला जवळजवळ सगळीकडे मुलगेच घेतले, पण कोरस मात्र अनेक जणांचा ठेवला. त्यातली काही मुलं अवघड आरियांमध्ये दमछाक होताना स्पष्ट ऐकू येतात. रिफ्किनने उलट केलं: एका भागाला एकच गायक, पण सोप्रानोला तयारीची बाई. दोघांनीही पुराव्यातला एकेक तुकडा धरला आणि दुसरा सोडला. दोघांच्याही सीडीवर सोयीने 'ऑथेंटिक' म्हणता आलं असतं.

अमेरिकन संगीत-इतिहासकार रिचर्ड तारुस्किनने जुन्या वाद्यांच्या या चळवळीवर जी सडकून टीका केली, तिचा रोख इथेच होता. त्याचं म्हणणं, पुराव्यातून तुम्ही जे उचलता ते तुमच्या आवडीचं असतं, आणि ती आवड विसाव्या शतकाची आहे. हलका आवाज, घड्याळासारखी लय, भावनेचं प्रदर्शन नको, ही स्ट्राविन्स्कीच्या काळाची अभिरुची तुम्ही बाखला चिकटवता आणि वर इतिहासाची मोहोर मारता. हे लय आणि आवाजाच्या पोताबाबत मला बरंचसं पटतं. १९७० आणि ८०च्या दशकातल्या कितीतरी जुन्या वाद्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये लय इतकी ताठ आहे की अठराव्या शतकातली वादनावरची पुस्तकं वाचलेल्या माणसाला प्रश्न पडतो, हे कुठून आलं? या टीकेनंतर जबाबदार मंडळींनी 'ऑथेंटिक' म्हणणं सोडलं, आता 'हिस्टॉरिकली इन्फॉर्म्ड' म्हणतात. पण चार कागद होते की बारा, हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. त्याचं उत्तर एकतर बरोबर असतं किंवा चूक, आणि ते आपल्याला आवडो न आवडो. म्हणून मी असा दावा कधीच मानत नाही की सगळं सापेक्ष आहे तर काहीही चालतं.

मग या माहितीचा तुम्हाला उपयोग काय? उपयोग हा की बाखने लिहिताना कुठला तोल कानात धरला होता ते कळतं आणि २८ जणांत नेमकं काय बिघडेल ते आधीच दिसतं. आणि तुमची निवड नशीबवान आहे. २१ नंबरचा कॅन्टाटा, 'इश हाट्टे फील बेक्युमरनिस', हा त्या थोड्या कृतींपैकी एक, ज्यांसाठी १७२३च्या लाइपत्सिगमधल्या प्रयोगाला बाखने जादा गायकांचे पार्ट करून घेतले. कुठे एकेकट्याने गायचं आणि कुठे सगळ्यांनी, हेही यात दाखवलेलं आहे. म्हणजे तुमच्या कॉयरला शिरायला दार बाखनेच उघडं ठेवलंय. फक्त ते कुठे उघडतं आणि कुठे बंद होतं ते बघा.

९ नंबरचा कोरस घ्या. पहिल्या कडव्यात सोप्रानो, आल्टो आणि बास एकेकटे 'हे जिवा, आता पुन्हा शांत हो' असं एकमेकांच्या मागे गात राहतात, टेनर संथ सुरांत कोरालची चाल धरतो, आणि साथीला फक्त कन्टिन्युओ, म्हणजे ऑर्गन आणि खर्जातल्या वाद्याची पायाची साथ. दुसऱ्या कडव्यात सगळा कॉयर येतो, चाल सोप्रानोकडे जाते, तंतुवाद्यं येतात आणि १७२३ला तर चार ट्रॉम्बोनही गायकांच्या ओळी दुपटीने वाजवायला घातले. संख्या वाढणं हाच इथे अर्थ आहे: आधी एकटा जीव स्वतःला समजावतोय, मग सगळी मंडळी त्याच्याबरोबर उभी राहतायत. पहिल्या कडव्यालाच २८ जण गायले तर दुसऱ्या कडव्याला जायला जागाच राहत नाही. तुमच्या मित्राला सांगा, इथे इतिहासाला धक्का लागतो म्हणून नव्हे, रचनेतलं सगळ्यात सुंदर वळण नाहीसं होतं म्हणून पहिलं कडवं एकेकट्याने गायचं. टेनरची चाल मात्र तुमच्या सगळ्या टेनरांनी मिळून गायली तरी मला चालेल. हौशी कॉयरमध्ये एकट्या टेनरला ती लांबलचक दमसास झेपत नाही.

याउलट २ नंबर, सुरुवातीचा कोरस. तो 'इश' म्हणजे 'मी' या शब्दाने सुरू होतो, तोही तीनदा: मी, मी, मी. बाखचा समकालीन संगीत-समीक्षक योहान मातेसोनने १७२५ मध्ये या पुनरुक्तीची छापील टिंगल केली होती. एकाने म्हटलं तर ती दुःखात अडखळणाऱ्या माणसाची जीभ वाटते. दहा सोप्रानोंनी म्हटलं की तीन ठोके वाटतात, आणि 'इश'चा शेवटचा 'श' दहा जण दहा वेळी सोडतात. पुढे 'आबर', म्हणजे 'पण', या एका शब्दावर सगळं थांबतं आणि मग वेगवान भाग सुरू होतो, त्यात 'एरक्विकन' या शब्दावर सोळाव्या मात्रांच्या लांब ताना आहेत. गर्दीत पहिली बिघडते ती ही तान. एकाची तान जरा मागे पडली तर ऐकणाऱ्याला ती त्याची तान वाटते. दहा जणांची थोडी-थोडी मागेपुढे झाली तर नुसता धूर.

ऑर्गनवर बसून मला हा फरक हातात जाणवतो. एकेक गायक असताना मी एकच आठ फुटी स्टॉप, म्हणजे नळ्यांचा एकच संच, ठेवते, स्वरमेळात तीनच सूर धरते, आणि गायकाने श्वास घेतला की माझाही हात उचलला जातो. पंचवीस जण असले की तेच वाजवणं ऐकू येत नाही. मग मला प्रत्येक ठोका तुटक आणि ठळक द्यावा लागतो, नाहीतर मागच्या रांगेतली मंडळी लयीत मागे रेलायला लागतात. म्हणजे गायक वाढवले की त्यांच्यासोबत सगळ्यांचंच वाजवणं जाड होतं, आणि ओबोसारख्या एकट्या वाद्याला मग वाव राहत नाही. या कॅन्टाटात ओबोचं काम फार मोलाचं आहे.

म्हणून तुमच्या जागी मी असं करेन. २८ जणांतून चार मुख्य गायक निवडा. दोन जोडसंच केले तर आणखी चांगलं, म्हणजे आठ जणांना काम मिळतं आणि कुणी आजारी पडलं तर खोळंबा होत नाही (बाखचीच युक्ती). हे चौघं सगळे कोरस सुरुवातीपासून शेवटपर्यंत गातील. उरलेल्यांतून दर भागाला दोन-तीन, अशी आठ ते बारा जणांची जादा फळी करा, जी 'सगळे' असं असेल तिथेच येईल. तानांचे भाग या फळीला देतानाही आधी तपासा. पूर्ण २८ जण मी फक्त ९ नंबरच्या दुसऱ्या कडव्याला आणि शेवटच्या कोरसमधल्या भरगच्च जागांना उभे करेन. हे बाखच्या आठपेक्षा जास्तच आहे, पण कमी-जास्तचा क्रम त्याचाच राहतो. हौशी कॉयरमध्ये माणसं गायला येतात, बसून ऐकायला नाही, हेही मला कळतं. ते नाकारून काढलेला तोडगा टिकत नाही.

उभं राहायची जागाही महत्त्वाची. चौघांना वाद्यांच्या पुढे किंवा बरोबरीने उभं करा, मागे नको. जादा फळी त्यांच्या पाठीशी. तालमीत फोन हॉलच्या मध्यावर ठेवून रेकॉर्ड करा आणि ऐकताना एकच गोष्ट बघा: फ्यूगमध्ये, म्हणजे एकच धून सगळे आवाज एकामागून एक उचलतात तिथे, आल्टो शिरतात तेव्हा तो प्रवेश न शोधता ऐकू येतो का? नसेल, तर आल्टो वाढवू नका, सोप्रानो कमी करा. हौशी कॉयरमध्ये हा उपाय कुणाला आवडत नाही, पण लागू तोच पडतो.

११ नंबरच्या शेवटच्या कोरसला तीन ट्रम्पेट आणि टिम्पनी लागतात. ते मिळत नसतील तर कीबोर्डवर ट्रम्पेटचा आवाज लावून वेळ मारून नेऊ नका. त्यापेक्षा फक्त पहिला भाग, १ ते ६, करा. हा कॅन्टाटा दोन भागांतला आहे, प्रवचनाच्या आधी एक आणि नंतर एक. पहिल्या भागाला ओबो, बसून, तंतुवाद्यं आणि ऑर्गन एवढंच लागतं आणि तो स्वतंत्रपणे नीट उभा राहतो. त्याला जोडून ९ नंबर गायलात तरी चालेल, ट्रॉम्बोन तिथे गायकांच्याच ओळी वाजवतात, त्यांच्यावाचून अडत नाही.

पट्टीबद्दल कुणीतरी विचारेलच. जुनी वाद्यं वाजवणारे आज 'ए' ४१५ला लावतात, नेहमीच्या ४४०पेक्षा अर्धा सूर खाली. बाखच्या लाइपत्सिगमधल्या वाद्यांची पट्टी त्याच आसपास होती, पण चर्चचा ऑर्गन तिच्यापेक्षा पूर्ण एक सूर वर होता, म्हणून ऑर्गनचे पार्ट एक सूर खाली उतरवून लिहिलेले सापडतात. नेमका ४१५ हा आकडा आपण सोयीसाठी ठरवलेला आहे: आजच्या पट्टीपासून बरोबर अर्धा सूर, हार्पसिकॉर्डचा कीबोर्ड सरकवला की झालं. तुमच्याकडे स्टीलच्या तारांची व्हायोलिनं असणार. ती अर्धा सूर उतरवली की तारा ढिल्या पडतात आणि आवाज मरतो. ४४०लाच राहा. सोप्रानोंची दमछाक होत असेल तर त्याचा इलाज चौघांची निवड करताना करा.

आणि कार्यक्रमपत्रिकेवर 'ऑथेंटिक' छापू नका. 'मुख्य गायक चार, जादा गायक अमुक; बाखने १७२३ मध्ये जादा गायक जिथे घातले तिथे तेही गातील, आणि दोन ठिकाणी आमचा पूर्ण कॉयर', एवढं लिहिलंत तर तुमच्या मित्रालाही आक्षेप घ्यायला जागा उरणार नाही. चौघं कोण हे ठरवताना जो वाद होईल, त्यावर मात्र माझ्याकडे उपाय नाही. तिथे ऑडिशन घ्या, आणि ती कॉयरबाहेरच्या माणसाकडून घ्या.